चारपैकी दोन बरोबर आले, मग पैसे कुठे गेले?

रविवारी रात्री उशिरा भाच्याचा फोन आला. तो जर्सी सिटीला राहतो, मी एडिसनला. आवाजात राग कमी आणि गोंधळ जास्त.

"मामा, मी दहा डॉलर लावले होते. चार टीम निवडल्या, दोन जिंकल्या. आता खात्यात बघतो तर साठ गेलेत आणि साडेछत्तीस परत आलेत. दहाचे साठ कसे झाले? आणि निम्म्या टीम जिंकल्या तर निम्मे तरी पैसे सुटायला नकोत का?"

मी स्वतः वर्षातून एकदा, सुपर बोलच्या आठवड्यात, ऑफिसातल्या चौकटींच्या तक्त्यात पाच डॉलर टाकणारा माणूस आहे. पण आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलंय, म्हणून म्हटलं, तिकिटाचा फोटो पाठव. फोटोवर पहिलीच ओळ होती ‘Round Robin’. दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच होती, फक्त ती कोणी उलगडून सांगितली नव्हती.

अमेरिकेत १९९२च्या एका केंद्रीय कायद्यामुळे खेळांवरच्या पैजा नेवाडासारखे मोजके अपवाद सोडता जवळपास सगळीकडे बंद होत्या. न्यू जर्सीने त्याविरुद्ध खटला लढवला, १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला आणि महिन्याभरातच इथे पहिल्या कायदेशीर पैजा लागल्या. त्यानंतर जो तो फोनवर पार्ले लावू लागला. (विलेपार्ल्याचं किंवा बिस्किटाचं पार्ले नव्हे, पण उच्चार तोच.) हे सगळं अमेरिकेच्या कायद्यातलं. भारतात ऑगस्ट २०२५मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी पुढचं सगळं गणित म्हणूनच वाचावं.

आधी भाव कसा वाचायचा ते बघू. पडद्यावर -110 दिसलं तर १०० डॉलर कमवायला ११० लावावे लागतात. +150 दिसलं तर १०० लावून १५० मिळतात. हिशेबाला हे आकडे अवघडच, म्हणून एका डॉलरमागे मूळ रकमेसकट किती परत येतात ते काढावं. -110चे १.९०९, -200चे १.५, +150चे २.५, +120चे २.२. याला आपण ‘पट’ म्हणू. पार्ले म्हणजे अशा अनेक निवडी एकाच तिकिटावर बांधणं. सगळ्या जिंकल्या तर पटांचा गुणाकार मिळतो, एक जरी हरली तरी अख्खं तिकीट बाद. -110च्या दोन निवडी बांधल्या तर १.९०९ गुणिले १.९०९, म्हणजे ३.६४ पट. तीन बांधल्या तर ६.९६ आणि चार बांधल्या तर १३.२८.

चौथी टीम शेवटच्या मिनिटाला हरली की १३.२८ पटांचं तिकीट कागद होतं, आणि ज्याच्या बाबतीत हे एकदा घडलंय त्याला ते विसरता येत नाही. राउंड रॉबिन त्याच दुखण्यावरचा तोडगा म्हणून विकला जातो. निवडी चारच ठेवायच्या, पण त्यांचं एक मोठं तिकीट न करता छोटी छोटी पार्ले करायची. एखादी टीम पडली तरी तिच्याशिवायची तिकिटं जिवंत राहतात.

नाव स्पर्धेवरून आलंय आणि ते आपल्याला ओळखीचं आहे. २०१९ आणि २०२३च्या क्रिकेट विश्वचषकात दहा संघ होते, प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळला आणि साखळीत ४५ सामने झाले. पैजेच्या राउंड रॉबिनमध्ये हाच साखळीचा तक्ता असतो, फक्त संघांचे सामने न लागता जोड्या लागतात. दहा निवडी दोन-दोनने बांधल्या तर ४५ पार्ले. चार निवडींच्या जोड्या सहा: अब, अक, अड, बक, बड, कड. पडद्यावर या पर्यायाला ‘By 2's’ म्हणतात. ‘By 3's’ निवडलं तर चार निवडींची चार तिकडी होतात, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी एकच बाहेर राहतो. (इंग्लंडमध्ये चार निवडींच्या सहा जोड्या, चार तिकड्या आणि एक चौकडी अशा अकरा पैजांच्या गठ्ठ्याला ‘यांकी’ म्हणतात. खुद्द यांकींच्या देशात मात्र हे नाव सहसा ऐकू येत नाही.)

भाच्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. त्याने रकमेच्या रकान्यात १० लिहिलं. त्याला वाटलं, दहा डॉलरचे सहा तुकडे होतील. पण तो रकाना एका तिकिटाचा असतो. सहा तिकिटं, प्रत्येकी दहा, एकूण साठ. खाली बारीक अक्षरात एकूण रक्कम ६० लिहिलेली होती, ती मला फोटोत दिसली. त्याची नजर मात्र तिच्या शेजारच्या मोठ्या हिरव्या आकड्यावर होती, २१८.६८. सगळ्या टीम जिंकल्या तर मिळणारी ती रक्कम. तो आकडा खरा होता, पण तो साठ डॉलरवरचा होता. भाचा मनात दहाचे दोनशे अठरा धरून बसला होता.

आता दुसरा प्रश्न, निम्म्याचा. चारही निवडी -110च्या आहेत असं धरू आणि साठ डॉलर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लावून बघू: पंधरा-पंधराच्या चार सुट्या पैजा, दहा-दहाच्या सहा जोड्या, किंवा साठ डॉलरची एकच चौकडी. परत हातात येणारी रक्कम डॉलरमध्ये, लावलेले साठ धरून:

| जिंकलेल्या निवडी | चार सुट्या | सहा जोड्या | एक चौकडी |
|---|---|---|---|
| ४ | ११४.५५ | २१८.६८ | ७९७.०० |
| ३ | ८५.९१ | १०९.३४ | ० |
| २ | ५७.२७ | ३६.४५ | ० |
| १ | २८.६४ | ० | ० |
| ० | ० | ० | ० |

मधला रकाना वरून खाली वाचा. चारही जिंकल्या तर सहाच्या सहा तिकिटं लागतात. एक हरली की तीनच उरतात, कारण प्रत्येक टीम सहापैकी तीन जोड्यांत असते. म्हणजे पहिल्याच पराभवाने निम्मी तिकिटं जातात. दुसरी हरली की उरलेल्या तीनपैकी दोन जातात आणि एकच जोडी शिल्लक राहते, ज्या दोन जिंकल्या त्यांची. दहा डॉलरचे ३६.४५ येतात, आणि त्या एका तिकिटाने बाकी पाच तिकिटांचे पन्नास डॉलर भरून काढायचे असतात. ते भरून निघत नाहीत. २३.५५ डॉलरचा खड्डा राहतो.

निवडी निम्म्या बरोबर आल्या तरी जोड्या सहापैकी एकच बरोबर येते, हा सगळा मुद्दा आहे. सुट्या पैजा लावल्या असत्या तर त्याच दोन विजयांवर पावणेतीन डॉलरचाच तोटा झाला असता. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण तीन आल्या असत्या तर?" तीन आल्या असत्या तर राउंड रॉबिनने ४९.३४ नफा दिला असता आणि सुट्यांनी २५.९१. तो बोलला ते खोटं नव्हतं. राउंड रॉबिनची चांगली बाजू हीच आहे की एक टीम पडूनही बऱ्यापैकी नफा उरतो. तिची किंमत दोन विजयांच्या ओळीत वसूल होते, आणि ती ओळ सर्वांत जास्त वेळा येणारी आहे. नाणेफेकीइतकीच शक्यता धरली तर सोळा वेळांपैकी चारही जिंकणं एकदा, तीन जिंकणं चारदा, दोन जिंकणं सहादा. उरलेल्या पाच वेळा एक किंवा शून्य. म्हणजे सोळापैकी अकरा रविवार तोट्याचे.

इथवर सगळे पट सारखे होते. खऱ्या तिकिटावर ते क्वचितच सारखे असतात, आणि मग किती जिंकल्या याच्याइतकंच कोणत्या जिंकल्या हेही महत्त्वाचं ठरतं. त्यासाठी एक पद्धत आहे जिच्यात काही पाठ करावं लागत नाही. प्रत्येक निवडीसमोर एक आकडा लिहायचा: जिंकली तर तिचा पट, हरली तर ०. मग सगळ्या जोड्यांचे गुणाकार करून बेरीज करायची आणि एका तिकिटाच्या रकमेने गुणायचं. हरलेल्याच्या जोड्या शून्याने गुणल्या जाऊन आपोआप पुसल्या जातात.

समजा अ म्हणजे -110 (१.९०९), ब म्हणजे +150 (२.५), क म्हणजे -200 (१.५) आणि ड म्हणजे +120 (२.२). प्रत्येक जोडीवर दहा डॉलर, एकूण साठ. ड हरली, बाकी तिघी जिंकल्या. उरल्या तीन जोड्या: अब ४.७७, अक २.८६, बक ३.७५. बेरीज ११.३९, परत आले ११३.८६ डॉलर. आता क हरली आणि ड जिंकली असं धरा. अब ४.७७, अड ४.२०, बड ५.५०, बेरीज १४.४७, परत १४४.७३. दोन्ही वेळा तीनच जिंकल्या, तरी जवळपास एकतीस डॉलरचा फरक. क ही ‘पक्की’ टीम होती, म्हणून तिचा पट लहान. ती हरली तर जिवाला लागतं, पण खिशाला कमी लागतं. ब हरली तर उलट: परत येतात १०३.६४, चौघींत सर्वांत कमी.

दोनच जिंकल्या तर काय? चार निवडींच्या जोड्यांत दोन विजयांवर एकच तिकीट लागतं, म्हणून साठ डॉलर वसूल व्हायला त्या दोघींच्या पटांचा गुणाकार किमान ६ हवा. म्हणजे दोन्ही सुमारे +145 किंवा त्याहून वरच्या. आपल्या यादीतली सर्वांत मोठी जोडी बड, तिचा गुणाकार ५.५. परत ५५ डॉलर, पाच तोटा. सर्वांत लहान अक, परत २८.६४. या तिकिटावर कोणत्याही दोन विजयांनी मुद्दल सुटत नाही, आणि हे पैसे लावायच्या आधी अर्ध्या मिनिटात कळू शकतं.

आता बरोबरी, जिला इथे पुश म्हणतात. तगड्या टीमला तीन गुणांचं ओझं दिलेलं असतं आणि ती बरोबर तीननेच जिंकते. पैज ना जिंकली ना हरली. अमेरिकन फुटबॉलमध्ये फील्ड गोल तीन गुणांचा असल्याने तीनच्या फरकाने सामने बऱ्याचदा संपतात, तेव्हा ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. सुट्या पैजेत पैसे परत मिळतात. पार्लेमध्ये ती निवड गळून पडते आणि तिकीट उरलेल्या निवडींवर चालतं. जोडी असेल तर ती सुटी पैज होते. आपल्या पद्धतीत याचा अर्थ इतकाच की बरोबरीसमोर १ लिहायचा.

तेच तिकीट घेऊ. अ आणि ब जिंकल्या, क हरली, ड बरोबरीत. आकडे झाले १.९०९, २.५, ० आणि १. अब ४.७७. अड म्हणजे १.९०९ गुणिले १, तेवढेच १.९१. बड २.५०. कच्या तिन्ही जोड्या शून्य. बेरीज ९.१८, परत ९१.८२ डॉलर. ड हरली असती तर फक्त अबचे ४७.७३ आले असते, आणि जिंकली असती तर १४४.७३. बरोबरीने तिकीट मरत तर नाहीच, या उदाहरणात तर तोट्याचा रविवार जवळपास बत्तीस डॉलर नफ्याचा झाला. पुढे ढकललेला सामना रद्द धरला तर त्यालाही हाच १ लागतो. मात्र किती दिवस वाट बघून रद्द धरायचं हे ज्याचे त्याचे नियम, ते आधी वाचावे लागतात. आणि कॅसिनोत मिळणाऱ्या छापील पार्ले कार्डांपैकी काहींवर बरोबरी म्हणजे हार असं लिहिलेलं असतं. तिथे १च्या जागी ०.

निवडी सात-आठ झाल्या की जोड्या मोजताना बोटं कमी पडतात. तेव्हा एक शाळेतली युक्ती कामाला येते. सगळ्या आकड्यांच्या बेरजेचा वर्ग करा, त्यातून प्रत्येकाच्या वर्गांची बेरीज वजा करा, निम्मं करा. वरच्याच उदाहरणात बेरीज ५.४०९, तिचा वर्ग २९.२६. सुट्या वर्गांची बेरीज ३.६४ + ६.२५ + १ = १०.८९. वजाबाकी १८.३६ आणि तिचं निम्मं ९.१८. तेच उत्तर. ही युक्ती फक्त जोड्यांना चालते, तिकड्यांना नाही.

हिशेब करूनही आकडा काही सेंटांनी जुळला नाही तर घाबरू नये, पट किती दशांशांपर्यंत धरला यावर ते जातं. फरक पन्नास सेंट वगैरे असेल तर मात्र भावाचा तक्ता बघावा. जुन्या पद्धतीत -110च्या जोडीला गुणाकार न करता तेरास पाच असा ठरलेला भाव देतात, म्हणजे दहा डॉलरवर २६ नफा. गुणाकाराने तो २६.४५ येतो. साठ डॉलरच्या सहाही जोड्या लागल्या तर या ४५ सेंटांचे जवळपास २.७० होतात.

भाच्याने शेवटी तोच प्रश्न विचारला जो सगळे विचारतात. "मग यात फायदा कुठल्या प्रकारात आहे?" नाणेफेकीच्या शक्यतेने -110ची सुटी पैज दर शंभर डॉलरमागे सरासरी साडेचार डॉलर खाते. हे दुकानाचं कमिशन, प्रत्येक भावात आधीच शिरलेलं. दोन निवडी बांधल्या की कमिशनही दोनदा गुणलं जातं आणि शंभरामागे जवळपास नऊ जातात. तिकडीत तेरा, चौकडीत सतरा. आपला राउंड रॉबिन हा जोड्यांचाच गठ्ठा असल्यामुळे त्यात बरोबर जोडीइतकंच जातं, मग जोड्या सहा असोत की पंचेचाळीस. आपल्या साठ डॉलरवर बघायचं तर सुट्या पैजांत सरासरी २.७३ जातात, सहा जोड्यांत ५.३३ आणि चौकडीत १०.१९. तिकिटांची संख्या वाढवल्याने निकालाचे धक्के मऊ होतात, पण कमिशन एका पैशाने कमी होत नाही. म्हणून ‘राउंड रॉबिन म्हणजे पार्लेचा विमा’ असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. चौकडीच्या तुलनेत तो स्वस्त आहे हे खरं, पण ते केवळ जोडीच चौकडीपेक्षा स्वस्त असते म्हणून. आणि सुट्या पैजांच्या तुलनेत हा विमा जवळपास दुप्पट महाग आहे.

अर्थात एखाद्याला खरोखर भावापेक्षा जास्त अचूक अंदाज येत असेल तर गुणाकार त्याच्याही बाजूने काम करतो. -110च्या पैजेत त्यासाठी शंभरातल्या किमान ५२.४ वेळा बरोबर यावं लागतं. भाच्याने मागच्या तीन महिन्यांचा हिशेब उघडला आणि लगेच बंद केला, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

पुढच्या शनिवारी त्याचा मेसेज आला. पाच टीम, तिकड्या करणार होता. "मामा, किती तिकिटं?" पाचातून तीन निवडायच्या म्हणजे कोणत्या दोन सोडायच्या ते ठरवायचं, आणि पाचांच्या जोड्या दहा, म्हणून तिकड्याही दहाच. दोन टीम हरल्या तर किती लागतील? उरलेल्या तिघींची एकच. दहा डॉलर प्रत्येकी लावले तर शंभर जाऊन -110च्या भावाने ६९.५८ येतील, पाचपैकी तीन बरोबर असूनही तीस डॉलर तोटा. तीन हरल्या तर काहीच नाही.

थोड्या वेळाने नवा फोटो आला. रकान्यातला १० पुसून त्याने १ लिहिला होता. खाली बारीक अक्षरात एकूण रक्कम: १० डॉलर. पहिल्या रविवारी त्याला लावायचे होते तेवढेच.